तलफ ओसरेपर्यंत

तंबाखू सोडलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात जो भेटतो तो सांगतो, "मन घट्ट कर." सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण दुपारचं जेवण झालं, खालच्या ओठाआड पाणी सुटलं आणि उजवा अंगठा डाव्या तळहातावर आपोआप फिरायला लागला, की नक्की काय घट्ट करायचं आणि ते किती वेळ धरून ठेवायचं, हे त्या सल्ल्यात नसतं. ही पुस्तिका तेवढ्या वेळापुरती लिहिलेली आहे. तंबाखू का वाईट याची चर्चा हिच्यात नाही; ती पुडीवरच्या चित्राने पुरेशी केली आहे. सोडायचं ठरलं आहे, सोडलीही आहे, आणि आता तलफ आली आहे, अशा माणसासाठी ही आहे.

उदाहरणं मी मुद्दाम चुना लावून मळून खायच्या तंबाखूची घेतो. या विषयावरचं बहुतेक लेखन सिगारेट डोळ्यांसमोर ठेवून झालेलं आहे आणि आपल्याकडे बार भरणाऱ्याला त्यात स्वतःचा दिवस सापडत नाही. दारू, गांजा किंवा इतर नशा सोडणाऱ्यालाही यातलं बरंच उपयोगी पडेल, मात्र एका मोठ्या इशाऱ्यासह; तो पुढे येईल, तो वगळून वाचू नये.

आधी तलफ म्हणजे काय ते पाहू. तिच्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली शरीराची. रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं, म्हणून दिवसभर तंबाखू खाणाऱ्याचं शरीर दिवसभर पुन्हा मागत राहतं. सोडल्यावर चिडचिड, झोप मोडणं, कामात लक्ष न लागणं, उगाच भूक लागणं हा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असतो आणि तीन-चार आठवड्यांत बराचसा कमी होतो. दुसरी गोष्ट सवयीच्या खुणांची. जेवण, चहा, बसस्टँड, शौचाला जाण्याची वेळ, मित्राने पुढे केलेला तळहात, साहेबांनी ओरडणं. वर्षानुवर्षं ज्या ज्या प्रसंगी बार भरला, तो प्रसंगच आता शरीराला तयार करतो. पहिला त्रास दिवसभर मंद चालू राहतो. दुसरा झटक्याने येतो, आणि बहुतेक माणसं घसरतात ती या झटक्यात.

या झटक्याबद्दलची सर्वांत उपयोगी माहिती अशी, की त्याला चढ असतो, माथा असतो आणि उतारही असतो. काही न खाता, त्याच्याशी वाद न घालता थांबलं, तर तो बहुधा काही मिनिटांत उतरू लागतो. अर्ध्या तासापलीकडे त्याच जोराने टिकणारी तलफ क्वचित. आता पंधरा वर्षं तंबाखू खाल्लेल्या माणसाचा विचार करा. दिवसाला दहा-बारा वेळा त्याला तलफ आली आणि प्रत्येक वेळी चढावर किंवा माथ्यावर असतानाच त्याने चिमूट ओठाआड ठेवली. उतार त्याने कधी पाहिलेलाच नाही. तलफ खाल्ल्यानेच जाते, नाहीतर वाढत जाऊन आपल्याला वेड लावेल, अशी त्याची खात्री असते. ती भ्याडपणातून आलेली नसते. त्याच्या अनुभवात दुसरं काही घडलेलंच नसतं.

हा उतार पाहायला शिकवायची रीत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट यांनी मांडली. व्यसन सुटल्यावर माणूस पुन्हा का घसरतो, हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. जुडिथ गॉर्डन यांच्यासह त्यांनी संपादित केलेला 'रिलॅप्स प्रिव्हेन्शन' हा ग्रंथ 1985 साली आला. तलफ समुद्राच्या लाटेसारखी समजावी, तिला अडवायला छाती पुढे करू नये आणि तिच्याखाली सापडूही नये, फळीवर तोल सांभाळत ती किनाऱ्याला लागेपर्यंत तिच्यावर राहावं, अशी त्यांची कल्पना. इंग्रजीत या रीतीला 'अर्ज सर्फिंग' म्हणतात आणि आपल्याकडच्या समुपदेशकांच्या तोंडीही तेच नाव आहे. कॅलिफोर्नियात लाटेवर फळी घेऊन जाणारी पोरं गल्लोगल्ली भेटत असतील. आपल्याला ती सिनेमात दिसतात. तरी कल्पना कळायला अडचण येऊ नये.

पुढे या कामाला एक धागा महाराष्ट्रातून जोडला गेला. सिएटलजवळच्या एका तुरुंगात 1997 पासून कैद्यांसाठी दहा दिवसांची विपश्यना शिबिरं होऊ लागली. ती सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतली, जिचं मुख्य केंद्र इगतपुरीला आहे. शिबिर केलेले कैदी सुटल्यावर काय करतात, हे मार्लाट यांच्या गटाने तपासलं. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार सुटकेनंतरच्या तीन महिन्यांत त्यांचं दारू आणि नशेचं प्रमाण शिबिर न केलेल्यांपेक्षा कमी होतं. कैद्यांनी स्वतःहून शिबिर निवडलं होतं, त्यामुळे या निष्कर्षाला मर्यादा आहेत. पण शरीरातली संवेदना उठते, राहते आणि जाते, तिच्यामागे धावायला लागत नाही, ही गोष्ट व्यसनाच्या उपचारात वापरता येईल असं त्यांना दिसलं. त्यांच्या सहकारी सारा बोवेन यांनी त्यातून आठ आठवड्यांचा एक शिस्तशीर कार्यक्रम बांधला. त्यात लाटेवर राहण्याचा सराव आहेच.

बोवेन आणि मार्लाट यांचा 2009 सालचा एक छोटा प्रयोग मला सर्वांत बोलका वाटतो. सिगारेट ओढणाऱ्या कॉलेजच्या मुलांना सिगारेट हातात देऊन, हळूहळू ओठांपर्यंत नेऊन, न पेटवता थांबवलं. त्यातल्या निम्म्या मुलांना तलफेवर लाटेसारखं राहायला शिकवलं, बाकीच्यांना जसं जमेल तसं निभावा म्हटलं. पुढच्या आठवड्यात शिकवलेल्या मुलांनी सिगारेटी कमी ओढल्या. पण दोन्ही गटांतल्या तलफेच्या जोरात मोठा फरक पडला नव्हता! म्हणजे या रीतीने तलफ मरत नाही. तलफ येणं आणि हाताने पुडी काढणं, या दोन गोष्टी एकमेकींपासून सुटतात. नव्याने शिकणाऱ्याने हे पक्कं लक्षात ठेवावं, कारण "मी सगळं केलं तरी तलफ येतेच" म्हणून रीत सोडून देणारे पुष्कळ असतात. तलफ आली का, हे मोजायचंच नाही. हाताने काय केलं, ते मोजायचं.

आता प्रत्यक्ष कृती. शक्य असेल तर आधी जागा बदला. टपरीसमोर उभं राहून लाटेवर राहायचा प्रयत्न करू नका. समोर पुड्यांची माळ लटकत असेल तर तलफेला सतत नवं खाद्य मिळतं आणि उतार लांबतो. बसायला किंवा उभं राहायला जागा मिळाली की पाय जमिनीला टेकवा आणि जबडा सैल सोडा. मग एकच प्रश्न विचारा: ही तलफ शरीरात कुठे आहे? "डोक्यात" हे उत्तर पुरेसं नाही. तंबाखू खाणाऱ्याला ती बहुधा खालच्या ओठाच्या आत, हिरडीपाशी, जिभेखाली किंवा अंगठ्याच्या टोकाशी सापडते. कुणाला छातीत आवळल्यासारखी, कुणाला पोटात पोकळी पडल्यासारखी. सर्वांत ठळक असेल ती जागा निवडा आणि तिची माहिती काढा. गरम आहे की गार? मुंग्या आहेत की ताण? किती जागेत आहे, कडा कुठे संपते, एका जागी आहे की सरकते? शून्य ते दहामध्ये तिला आकडा द्या. मग श्वासाकडे या आणि तो येता-जाता जाणवू द्या. लांब किंवा खोल करायची गरज नाही. पाच-सहा श्वास झाले की पुन्हा त्या जागेकडे जा. ताण वाढला तर वाढू द्या, फक्त आकडा बदलला एवढी नोंद घ्या. जोर असह्य वाटला की परत श्वासावर या. लाटेवरची फळी ती हीच. असं जागेकडे आणि श्वासाकडे आलटून पालटून, आकडा निम्म्यावर येईपर्यंत.

एक प्रसंग पूर्ण पाहू. माणूस कल्पित आहे, पण असे अनेक आहेत. अडतीस वर्षांचा गॅरेजमधला मेकॅनिक, सोडून आज पाचवा दिवस. दुपारी दोनला डबा संपला. हात धुताना ओठाआड पाणी सुटलं. शेजारच्या मिस्तरीने सवयीने तळहात पुढे केला, मळलेली तंबाखू समोर. आकडा सहा. "सोडलीय" एवढंच म्हणून तो मागच्या बाजूला टायरांच्या ढिगावर जाऊन बसला. वेळ दोन वाजून दहा मिनिटं. ओठाआड डावीकडे, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत, चुरचुर. अंगठा हलतोय, हे त्याला आता दिसलं. दोन-तीन मिनिटांत आकडा आठ, आणि नेमका तेव्हाच डोक्यात वकील उभा राहिला: पाच दिवस राहिलास ना, मग एका चिमटीने काय होतंय, संध्याकाळपासून परत सोड. त्याने उत्तर दिलं नाही. "विचार आला" असं मनात म्हणून तो श्वासावर गेला, सहा श्वास, मग पुन्हा ओठाआड. चुरचुर आता पसरट झाली होती, गालापर्यंत. दोन अठराला आकडा पाच. मिस्तरी जवळ येऊन थुंकला, वास आला, आकडा पुन्हा सात. इथे बहुतेक जण म्हणतात, बघा, उतरत नाही. पण ती नवी लाट होती, वासाने उठवलेली, आणि पहिलीपेक्षा लहान. दोन अठ्ठावीसला आकडा तीन. तो उठला, चूळ भरली आणि कामाला लागला. अठरा मिनिटं गेली. वहीत त्याने वेळ, जागा, सर्वांत मोठा आकडा आणि हाताने काय केलं, एवढं लिहिलं. या नोंदीचा उपयोग पुढच्या आठवड्यात होतो, कारण माथ्यावर असताना माणसाला मागच्या वेळी लाट उतरली होती हेच आठवत नाही.

हे बिघडतं ते ठरावीक जागी. सर्वांत जास्त बिघडतं ते दात आवळून. माणूस समजतो की तो तलफ पाहतोय; खरं तर तो तिला दाबत असतो. ओळखायची खूण सोपी आहे: जबडा घट्ट, खांदे वर, श्वास रोखलेला. आणि दहा मिनिटांनी विचारलं की शरीरात काय जाणवलं, तर त्याला काहीच सांगता येत नाही, तंबाखूबद्दल मात्र भरभरून सांगता येतं. बरोबर चाललं असेल तर उलट होतं. दुसरी चूक घड्याळावर डोळा ठेवून "आता गेली पाहिजे" अशी वाट पाहण्याची. तीही दाबादाबीच. तिसरी चूक सर्वांत महाग पडते. वीस मिनिटं काढायची आणि माथ्यावर हार मानून बार भरायचा, असं वरचेवर झालं तर शरीर शिकतं की वीस मिनिटं जोर लावला तर मिळतं; पुढची तलफ जास्त चिवट होते. म्हणून खिशात पुडी ठेवून, "माझा निग्रह पाहू" म्हणत हा सराव कुणी करू नये. पुडी, चंची, चुन्याची डबी आधी घराबाहेर गेली पाहिजे.

लाटेवर राहणं हीच एक रीत आहे असं मात्र नाही, आणि प्रत्येक वेळी डोळे मिटून बसायला कुणाला सवड नसते. बस चालवणाऱ्याला तर तसं करताच येणार नाही. अशा वेळी दुसऱ्या दोन गोष्टी मला खरोखर उपयोगाच्या वाटतात. पहिली चालणं. दहा-पंधरा मिनिटं भरभर चालल्याने निकोटिनची तलफ त्या वेळेपुरती कमी होते, हे बऱ्याच प्रयोगांत दिसलं आहे. दुसरी गोष्ट थोडी गमतीची आहे. तलफ वाढते ती बरीचशी चित्रांवर: मळतानाचा तळहात, चुन्याचा पांढरा ठिपका, ओठाआडची पहिली झिणझिणी. मनाचा जो भाग ही चित्रं रंगवतो त्यालाच दुसरं काम दिलं तर चित्र फिकं पडतं. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना आयपॉडवर तीन मिनिटं टेट्रिस खेळायला लावलं, तर खाण्यापिण्याची आणि नशेची ओढ थोडी पण मोजता येईल इतकी उतरली. टेट्रिसच हवा असं नाही. डोळे आणि हात एकदम गुंततील असं काहीही चालेल. नुसतं रेडिओ ऐकणं मात्र इथे कमी पडतं, कारण कान गुंतले तरी डोळ्यांसमोरचं चित्र तसंच राहतं.

निकोटिनची गोळी चघळण्यात कमीपणा मानणारे आपल्याकडे खूप आहेत. मला ते पटत नाही. शरीराचा मंद त्रास गोळीने कमी झाला की झटक्यावर लक्ष देणं सोपं जातं. दोन आणि चार मिलिग्रॅम अशा तिच्या दोन मात्रा मिळतात. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिला बार भरणाऱ्याला बहुधा मोठी मात्रा लागते, ते डॉक्टरांना विचारून ठरवावं. ती च्युइंगगमसारखी सतत चावायची नाही. हळू चावून चुरचुर सुरू झाली की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायची, चुरचुर गेली की पुन्हा थोडी चावायची, असं अर्धा तास. आणि तिच्या आधी पंधरा मिनिटं आणि ती तोंडात असताना चहा-कॉफी किंवा सरबत घ्यायचं नाही. तोंडात आंबटपणा आला की निकोटिन नीट शोषलं जात नाही आणि माणूस म्हणतो, गोळीचा काही उपयोग नाही.

आता तो इशारा. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकदम बंद केली, तर हात थरथरणं, घाम, उलट्या यांच्या पुढे जाऊन पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. ती लाट नव्हे. तिच्यावर बसून राहायचं नसतं, दवाखान्यात जायचं असतं. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या बराच काळ घेणाऱ्यालाही हेच लागू. ब्राउन शुगरसारखी नशा सोडलेल्यांना वेगळा धोका असतो: काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते आणि जुनी मात्रा पुन्हा घेतली तर श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो. आधी डॉक्टरांच्या देखरेखीखाली शरीर सावरायचं, मग तलफेचा सराव. आणखी एक. काही माणसांना, विशेषतः मोठा आघात सोसलेल्यांना, डोळे मिटून शरीराकडे पाहिलं की धडकी भरते. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, पायाखालची जमीन आणि समोरच्या वस्तू पाहाव्यात, आणि हा सराव समुपदेशकाबरोबर करावा.

तीन महिने निभावलेल्या मेकॅनिकला गावच्या जत्रेत पहिल्या आठवड्यासारखी तलफ येईल. त्याने घाबरू नये. गॅरेजमधल्या दुपारी शरीर नवं शिकलं, पण ते गॅरेजपुरतं. जुनं शिकणं पुसलं जात नाही, त्याच्यावर नवं चढतं, आणि जिथे नवं अजून चढलेलं नाही तिथे जुनं उघडं पडतं. जत्रा, लग्न, सासरवाडी, मयतीची रात्र, प्रत्येक ठिकाणी एकेकदा लाट पाहावी लागते. आणि एखाद्या वेळी हाताने पुडी काढलीच, तर त्यानंतरचा तास जास्त धोक्याचा. "आता गेलंच सगळं" या वाक्याने एका चिमटीचं आठवड्याचं खाणं होतं; मार्लाट यांनी या घसरणीचा स्वतंत्र अभ्यास केला होता. त्या चिमटीचीही वहीत नोंद करावी, वेळ आणि जागेसकट, आणि पुढची तलफ नेहमीसारखी पाहावी.

ज्यांना बोलायला माणूस हवा आहे त्यांच्यासाठी तंबाखूची राष्ट्रीय हेल्पलाइन 1800-11-2356 आहे आणि इतर व्यसनांसाठी 14446, दोन्ही मोफत. आणि पुस्तिका वाचणाऱ्याला एक विनंती. पहिला सराव जेवणानंतरच्या नऊ आकड्याच्या तलफेवर करू नका. आज चहाची, गोडाची किंवा फोन उघडून पाहण्याची तीन-चार आकड्यांची ओढ होईल, तेव्हा दहा मिनिटं थांबून तिचा उतार एकदा पाहून घ्या, आणि मग पुढचं पान उलटा.